शब्दचर्चा: ‘गांधारीची पट्टी’ म्हणजे नक्की काय?

ऋतुजा
एका मासिकाचं मुद्रितशोधन करते. मागच्या अंकातल्या लेखात ‘प्रशासनाने डोळ्यांवर गांधारीची पट्टी बांधली आहे’ असं वाक्य होतं. त्यावर एका वाचकाचं रागावलेलं पत्र आलं. त्यांचं म्हणणं असं की गांधारीने पट्टी बांधली ती पातिव्रत्यापोटी, पतीला जे सुख नाही ते आपल्यालाही नको म्हणून. कामचुकार अधिकाऱ्यांना तिची उपमा देणं हा त्या त्यागाचा अपमान आहे. संपादक म्हणतात, मराठीत हा वाक्प्रचार ‘मुद्दाम दुर्लक्ष करणे’ याच अर्थाने चालतो. दोघांचंही पटतंय, म्हणून विचारते. मूळ महाभारतात तिने पट्टी का बांधली? त्यासाठी नेमका कोणता शब्द आहे?

गोदाकाठ
पट्टी म्हणजे डोळेझाक नव्हे, निःपक्षपातीपणा. समोर कोण उभा आहे ते न बघता न्याय करायचा. आता सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या मूर्तीवर ती पट्टी राहिलेली नाही, २०२४ मध्येच बातमी आली होती. तेव्हा वाक्य बदललेलंच बरं.

ऋतुजा
गोदाकाठ, ती न्यायदेवता. मी धृतराष्ट्राच्या बायकोबद्दल विचारतेय.

रणवीर_कोल्हापूर
वाचकाचं पत्र बरोबर आहे. गांधारी लग्न करून हस्तिनापुरात आली, तिथे तिला कळलं की नवरा आंधळा आहे, आणि त्या क्षणी तिने पट्टी बांधली. त्या व्रताची ताकद एवढी की शेवटी एकदाच पट्टी सोडून दुर्योधनाकडे पाहिलं तर त्याचं शरीर वज्राचं झालं. लाजेने त्याने कमरेला केळीचं पान गुंडाळलं होतं म्हणून मांड्या कच्च्या राहिल्या. आजच्या लोकांना त्यागच कळत नाही, म्हणून त्याचा असा वाक्प्रचार होतो.

पोथीघर
रणवीरराव, तुमचा मुख्य मुद्दा आहे की मूळ कथेत हे पातिव्रत्यच आहे. तो खरा, पण तपशील पुढच्या काळातले आहेत. केळीच्या पानाची गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाही. दुर्योधनाच्या वज्रदेहाचा उल्लेख वनपर्वात येतो, पण तिथे दानव त्याला सांगतात की तुझं वरचं अंग शंकराने वज्राचं केलं आणि खालचं पार्वतीने फुलांचं. गांधारीच्या नजरेचा तिथे संबंध नाही.

लग्नाचंही तसंच. आदिपर्वात भीष्म सुबलाकडे निरोप धाडतात. सुबल आधी ‘हा तर अंध आहे’ म्हणून थबकतो, मग कुळ आणि कीर्ती पाहून हो म्हणतो. गांधारीच्या कानावर दोन्ही गोष्टी माहेरीच येतात: धृतराष्ट्र आंधळा आहे, आणि आईबाप आपल्याला त्यालाच द्यायला निघालेत. त्यानंतर ती कापड घेते, त्याच्या बऱ्याच घड्या करते आणि डोळे बांधते. शकुनी तिला हस्तिनापुराला पोचवतो तो नंतर. म्हणजे ‘आल्यावर फसवणूक कळली’ हा प्रसंग संहितेतला नव्हे.

ऋतुजाताई, आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. पट्टीचं कारण तिथे अर्ध्या ओळीत आहे आणि त्या अर्ध्या ओळीचे दोन पाठ आहेत. नीलकंठाच्या टीकेसह जी पोथी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली तिच्यात ‘नाभ्यसूयां पतिमहम्’ असं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ‘नात्यश्नीयां पतिमहम्’. दोन्हींच्या पुढे ‘इत्येवं कृतनिश्चया’, म्हणजे असा तिने निश्चय केला.

ऋतुजा
अभ्यसूया म्हणजे असूयाच ना? नवऱ्याचा मत्सर करणार नाही?

पोथीघर
मराठीत असूया मत्सराकडे झुकली. संस्कृतात तिचा रोख गुणातही खोट काढण्याकडे आहे. तेव्हा पहिला पाठ: ‘मी पतीत दोष पाहणार नाही.’ डोळे उघडे राहिले तर त्याचं अंधत्व रोज दिसेल आणि मनात कमीपणाची भावना येईल, म्हणून दिसण्याचं साधनच बंद केलं.

दुसरा पाठ ‘अश्’ म्हणजे खाणे, भोगणे या धातूचा, मागे ‘अति’ लागलेला. ‘पतीच्या वाट्याला नाही ते मी भोगणार नाही’, असा मी लावतो. वाचकाने पत्रात जे लिहिलं ते नेमकं हेच.

सुकथनकरांनी आदिपर्वाचं संपादन १९३३ मध्ये पुरं केलं. त्यांच्या पद्धतीत दोन पाठांपैकी अवघड पाठ सहसा जुना मानतात. नकलून घेणारा माणूस न कळलेल्या शब्दाच्या जागी कळणारा शब्द घालतो, कळणाऱ्याच्या जागी अवघड शब्द क्वचितच घालतो. इथेही तसंच झालं असावं असं मला वाटतं. आपण शेकडो वर्षं जी गांधारी वाचली ती ‘दोष न पाहणारी’ होती, आणि तिच्यामागे आणखी एक होती, ‘जास्त न घेणारी’.

सुलभा_न
मला संस्कृत येत नाही. पण यात माझं घर आहे म्हणून लिहिते. आमच्या ह्यांची नजर काचबिंदूने गेली. सुरुवातीला घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी कौतुकाने म्हटलं, ‘तू आमची गांधारी.’ मला ते लागलं. मी पट्टी बांधून बसले असते तर डोळ्यांत थेंब कोणी घातले असते? बँकेच्या कागदावर यांचं बोट धरून सहीच्या जागी कोणी नेलं असतं? मला गांधारीचा त्याग मोठा वाटत नाही, निरुपयोगी वाटतो. नवऱ्याला त्या वेळी दोन डोळे हवे होते, तिने घरातले आणखी दोन कमी केले. ती राजवाड्यात होती, हाताशी दासी होत्या, म्हणून हे जमलं.

रणवीर_कोल्हापूर
सुलभाताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण त्या काळचा आदर्श आजच्या सोयीने मोजू नये.

सुलभा_न
सोय? बरं. मग तो आदर्श मला बक्षीस म्हणून देऊ नका, एवढंच.

अश्विनी_व
सुलभाताईंच्या बाजूने आणखी एक. इरावती कर्व्यांनी १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये पट्टीकडे रागाच्या बाजूने पाहिलं. तिथे गांधारी फसवली गेलेली, अपमानित बाई आहे आणि पट्टी हा तिचा निषेध आहे. माझ्या पिढीतल्या पुष्कळजणींना गांधारी भेटली ती तिथेच. माझ्या मते तोच खरा अर्थ, बाकी सगळं बायकांना गप्प बसवण्यासाठी. ‘पतीत दोष पाहणार नाही’ हे वाक्यच बघा ना.

पोथीघर
अश्विनीताई, तो राग कर्व्यांनी ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत वाचला, आणि तसं वाचण्याइतकी जागा तिथे आहे. विचार करा, मुलीला कोणी विचारलेलं नाही, तिने ‘ऐकलं’ एवढंच आहे. पण संहिता तिथेच तिला ‘पतिव्रतपरायणा’ म्हणते, हेही खोडता येत नाही.

मात्र ‘गप्प बसवलेली’ हे मला पटत नाही. द्यूतानंतर सभापर्वात ती धृतराष्ट्राला सांगते की या कुलबुडव्या मुलाचा त्याग करा. उद्योगपर्वात कृष्णशिष्टाई फिसकटायला येते तेव्हा विदुर तिला सभेत घेऊन येतो. सगळ्यांना वाटतं ती मुलाला समजावेल. समजावतेही, पण आधी नवऱ्याकडे वळते: ‘त्वं ह्येवात्र भृशं गर्ह्यो धृतराष्ट्र सुतप्रियः’. यात सगळ्यात जास्त दोषी तुम्हीच, पुत्राच्या लोभापायी. त्याचं पाप माहीत असूनही त्याच्याच बुद्धीने चालता.

आता ‘दोष पाहणार नाही’ हा पाठ घ्या. भरसभेत ती नवऱ्याला दोष देतेय, म्हणजे निश्चय मोडला म्हणायचं का? ‘जास्त भोगणार नाही’ हा पाठ घ्या, काहीच मोडत नाही. तिने दृष्टी सोडली, मत सोडलं नाही. मला दुसरा पाठ पटतो तो यामुळेही.

ऋतुजा
हे मला माहीतच नव्हतं. मग ‘डोळेझाक’ हा अर्थ तिला चिकटला कसा? पुत्रप्रेमाने आंधळी आई म्हणून?

पोथीघर
तसंच असावं. ‘सुतप्रिय’ हा शब्द ती नवऱ्याला लावते, आणि मराठीने तो दोघांत वाटून टाकला. ‘धृतराष्ट्र’ म्हटलं की आपल्याला आंधळी माया समजते, तिथे वाक्प्रचार आणि कथा जुळतात. त्याला जन्मतः दिसत नव्हतं, हिने स्वतः डोळे बांधले. ‘मुद्दाम’ ही छटा हवी तेव्हा भाषेला हिची पट्टी सोयीची पडली.

अश्विनी_व
एक विचारू? तुम्ही ‘अत्यश्नीयाम्’ चा अर्थ ‘जास्त भोगणे’ लावलात. पण अश् म्हणजे आधी खाणे. मग ‘नवऱ्याच्या आधी जेवणार नाही’ असा साधा अर्थ का नाही? आमच्या आजीकडे हा नियम होता. पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायकांची पानं मांडायची नाहीत. आजोबा दौऱ्यावरून उशिरा आले की आजी रात्री दहाला जेवायची.

पोथीघर
शब्दाला तो अर्थ चालतो, नाकारता येणार नाही. अडचण एवढीच की जेवण्याचा निश्चय केला तर डोळे कशाला बांधायचे? म्हणून मी ‘खाणे’ हे ‘अनुभवणे’ या अर्थाने घेतो. पण ‘पतीच्या पुढे जाणार नाही’ ही छटा तुमच्या आजींच्या नियमातही आहे आणि इथेही. या ओळीत नियम बोलतो की एक मुलगी, यावर मी छातीठोक सांगणार नाही.

सुलभा_न
आणि त्या निश्चयाचं पुढे काय झालं? तिला काही मिळालं का?

पोथीघर
स्त्रीपर्वात ती कृष्णाला शाप देते, छत्तिसाव्या वर्षी तुझं कुळ असंच आपसात मरेल म्हणून. तो शाप कशाच्या बळावर? ‘पतिशुश्रूषया यन्मे तपः किञ्चिदुपार्जितम्’. पतीच्या सेवेतून जे काही तप मी जोडलं त्याच्या बळावर. सुलभाताई, ‘शुश्रूषा’ म्हणते ती, पट्टीचं नावही घेत नाही.

सुलभा_न
हे मात्र पटलं. शुश्रूषा मला माहीत आहे.

रणवीर_कोल्हापूर
म्हणजे पातिव्रत्याची ताकद आहेच की नाही? मी तेच म्हणत होतो.

अश्विनी_व
आहे ना. आणि ती वापरली कशासाठी, तर देवाला जाब विचारायला. ही बाजू शाळेतल्या गोष्टीत कुणी सांगत नाही. आदर्श स्त्री म्हणून धडा असतो, तो पट्टीपाशी थांबतो.

ऋतुजा
सगळ्यांचे आभार. संपादकांना कळवते आहे की वाक्प्रचार रूढ आहे, त्यामुळे चुकीचा म्हणता येत नाही, पण त्या लेखात ‘डोळ्यांवर कातडं ओढलं आहे’ जास्त चपखल बसलं असतं. पत्र लिहिणाऱ्या वाचकांना उद्योगपर्वातली ओळ पाठवणार आहे. पोथीघरकाका, चिकित्सक आवृत्तीत जिथे पाठाची पक्की खात्री नसते तिथे खाली नागमोडी रेघ असते म्हणतात. ‘अत्यश्नीयां’खाली ती आहे का?

पोथीघर
माझ्याजवळ आहे ती नुसती संहिता, त्यात रेघा आणि पाठभेद छापलेले नाहीत. आदिपर्वाचा मोठा खंड ग्रंथालयात आहे. शनिवारी जातो आणि तळटीपेत कोणत्या पोथ्यांनी कोणता पाठ दिलाय तेही उतरवून इथे टाकतो.