मदत हवी आहे: उभ्या गाडीच्या अलार्मचा लाल दिवा वेगाने लुकलुकतो आणि बॅटरी चार दिवसांत उतरते

नमस्कार. माझ्या गाडीत नंतर बसवून घेतलेला चोरी-प्रतिबंधक अलार्म आहे. गाडी लॉक केल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा साधारण अर्धा मिनिट भरभर लुकलुकायचा आणि मग दर दोन सेकंदांनी एकदा, अशा संथ लयीत जायचा. गेल्या महिन्यापासून मात्र काही रात्री तो तासाभरानंतरही भरभरच लुकलुकताना दिसतो, आणि गाडी चार दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसताच टकटक करतो. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असून तीन वर्षांची आहे. दिव्याची बदललेली लय आणि बॅटरीचे उतरणे यांचा काही संबंध असेल का, की हे दोन वेगळे बिघाड आहेत?

वाटसरू: दिवा रात्रंदिवस चालू असेल तर बॅटरी उतरणारच. त्याची वायर काढून टाका, प्रश्न सुटेल.

जुना वायरमन: वाटसरू, अलार्मकडे बोट दाखवलेत ते योग्य आहे, पण दिव्याला दोष देऊ नका. तो पेटतो तेव्हा साधारण दहा मिलिअँपिअर घेतो, आणि संथ लयीत तो बहुतेक वेळ विझलेलाच असतो. सरासरी एक मिलिअँपिअर धरली तर महिन्याभरात एक अँपिअर-तासही खर्च होत नाही. वायर काढलीत तर बॅटरी तशीच उतरत राहील आणि बिघाडाची एकमेव खूण मात्र दिसेनाशी होईल.

धागाकर्ते, लयींचे अर्थ प्रत्येक अलार्ममध्ये वेगळे असतात, म्हणून माहितीपुस्तिका पाहावी. तरीही लॉक केल्यानंतरची भरभर लय संपतच नसेल, तर अलार्मला कुठले तरी दार किंवा बोनेट उघडे वाटत असण्याची शक्यता मोठी आहे. तशा स्थितीत तो विश्रांतीला जात नाही. मल्टीमीटर दहा अँपिअरच्या छिद्रात लावून बॅटरीच्या ऋण टोकाशी एकसर जोडा, गाडी लॉक करा आणि चाळीस मिनिटे थांबून आकडा पाहा. मीटर जोडलेला असताना इंजिन चालू करू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर बहुतेक गाड्यांत चिंता नसते.

नवी चावी: माझ्याही गाडीत दिवा लुकलुकतो आणि इंजिन सुरूच होत नाही. चावीतला सेल बदलूनही फरक पडला नाही.

जुना वायरमन: आपला प्रश्न वेगळा वाटतो. इंजिन फिरते पण पेटत नाही आणि चावी लावल्यावरही दिवा लुकलुकतो, असे असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नसते. चावीतली ओळखीची चिप सेलवर चालत नाही, म्हणून सेल बदलून फरक पडला नसावा. स्वतंत्र धागा काढलात तर बरे.

धागाकर्ता: मोजले. चाळीस मिनिटांनंतर ०.२८ अँपिअर आले. अलार्मचा फ्यूज काढताच ते ०.०३ वर उतरले. म्हणजे दिवसाला जवळजवळ पावणेसात अँपिअर-तास, चार दिवसांत सत्तावीस. हिशेब जुळतो ना?

जुना वायरमन: आकडा जुळतो, पण एक गोष्ट विचारतो. मोजताना बोनेट उघडे होते ना? तर मग बोनेटखालच्या स्विचची पिन मोकळी होती, आणि अलार्म जागा राहिला तो तुमच्या मोजण्यामुळेच. पिन चिकटपट्टीने पूर्ण दाबून पुन्हा मोजा. शिवाय पिनच्या टोकावर मळलेल्या पिठाची लहान गोळी ठेवून बोनेट हळूच बंद करून उघडा. गोळी चपटी झाली नाही, तर बोनेट पिनपर्यंत पोचतच नाही.

धागाकर्ता: आपला अंदाज खरा ठरला. गोळी जेमतेम दबली होती. बोनेटखालचे रबरी टेकू एका बाजूला जास्त वर आलेले होते. ते फिरवून खाली घेतल्यावर गोळी चपटी झाली आणि काल रात्री दिवा अर्ध्या मिनिटात संथ लयीत गेला. मात्र पिन दाबून मोजले तर आकडा ०.११ वर थांबतो, ०.०३ वर येत नाही. फ्यूज काढला की पुन्हा ०.०३.

जुना वायरमन: म्हणजे स्विच हा अर्धाच दोष होता. काही सायरनमध्ये त्यांची स्वतःची छोटी बॅटरी असते, जी खराब झाली की भरत राहण्यासाठी सतत प्रवाह ओढते. तुमच्या सायरनमध्ये ती आहे का पाहा. असल्यास फक्त सायरनचा प्लग काढून मोजा. आकडा ०.०३ च्या आसपास आला तर सायरन बदलावा लागेल, तसाच राहिला तर अलार्मच्या मुख्य पेटीकडे संशय जातो. गाडीची बॅटरी वारंवार उतरल्यामुळे किती कमजोर झाली, हे पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास नसेल तर तीही दोषी आहे.

धागाकर्ता: सायरन चाकाच्या आतल्या बाजूस बसवलेला आहे आणि हात पोचत नाही. रविवारी चाक काढून प्लग सोडवतो आणि आकडा इथेच लिहितो. तोवर गाडी दररोज चालवत आहे.