पहिली नोकरी: प्रॉडक्ट कंपनी की सर्विस कंपनी? आपापले अनुभव लिहा

रंकाळाकाठ

भाची यंदा गोकुळ शिरगावच्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअर होतेय. हातात दोन ऑफर आहेत. एक मोठी सर्विस कंपनी, वर्षाला ३.६ लाख, जॉइनिंगची तारीख "नंतर कळवू". दुसरी कोल्हापुरातलीच चाळीसेक माणसांची, स्वतःचं सॉफ्टवेअर विकते, ४.२ लाख. घरात रोज जेवताना परिसंवाद चालू आहे. मी बँकेतला माणूस, मला यातलं काही कळत नाही. "प्रॉडक्टच घे" किंवा "मोठं नाव घे" असा सल्ला नको. तुमच्या पहिल्या दोन वर्षांत नेमकं काय घडलं ते लिहा.

तांबडा_रस्सा

सर्विसमध्ये कोडिंग नसतंच, हे आधीच सांगून टाकतो. मी चार महिने जावा शिकलो, परीक्षेत चांगले मार्क पाडले आणि प्रोजेक्ट मिळाला सपोर्टचा. अमेरिकेतल्या एका दुकान-साखळीच्या रात्रीच्या फायली नीट आल्या का, ते बघायचं. त्या फायली आणणारा प्रोग्रॅम, म्हणजे जॉब, बंद पडला की तक्रारीचं तिकीट यायचं. मग चाळीस पानांची कार्यपद्धती उघडायची, पान १७ वर सांगितलंय तसा तो पुन्हा चालू करायचा आणि तिकीट बंद करायचं. रात्री दहा ते सकाळी सात. दोन वर्षांत एक ओळ कोड लिहिला नाही. भाचीला सांगा, भावा, प्रॉडक्टच घे.

टेंबलाईवाडी

तांबडा_रस्सा, तुझं दुःख खरं आहे, पण "नसतंच" हे खरं नाही. मीही सर्विसमध्येच लागले होते. माझं नशीब म्हणजे क्लायंट स्वतःच सॉफ्टवेअर विकणारा होता आणि आम्ही सहाजणी त्यांच्याच टीममध्ये बसायचो. माझा कोड त्यांचा एक वयस्कर इंजिनिअर तपासायचा. पहिल्या आठवड्यात त्याने माझ्या ३० ओळींवर २२ शेरे मारले होते. तेवढं मला कॉलेजनं शिकवलं नव्हतं.

फरक कंपनीचा नव्हता, अकाउंटचा, म्हणजे कुठल्या क्लायंटचं काम वाट्याला आलं त्याचा होता. सर्विस कंपनी तुमचा वेळ विकते. क्लायंटला ज्या दिवशी जो माणूस हवा, त्या दिवशी जो मोकळा असेल तो जातो. ट्रेनिंग संपताना मागणी सपोर्टची असली की जावाचा टॉपरसुद्धा सपोर्टला जातो. आणि अडकणं पुढे असतं. तुम्ही काम चांगलं करता, क्लायंट तुमचे पैसे देतोय, मग मॅनेजर तुम्हाला सोडेल कशाला? आमच्याकडे सुमार पोरं लवकर सुटली. चांगली पोरं "या तिमाहीनंतर बघू" ऐकत बसली.

शिरोलीकर

प्रॉडक्ट कंपनी चांगलीच. आमची फाउंड्री आहे, ३५ वर्षं. कास्टिंग हे प्रॉडक्टच, हातात घेऊन दाखवता येतं. आमच्याकडे इंजिनिअर मुलं टिकत नाहीत, सगळी पुण्याला पळतात. तुमच्या भाचीला आमच्याकडे पाठवा.

रंकाळाकाठ

काका, ती सॉफ्टवेअरवाली आहे. प्रॉडक्ट म्हणजे इथे तयार सॉफ्टवेअर. पण आभार.

शिरोलीकर

असं होय. मग त्याचंही सांगतो, आम्हीही घेतलंय. हीट नंबरवरून कुठला माल रिजेक्ट झाला ते दाखवतं. घेताना मी स्पष्ट सांगितलं होतं, पैसे मी देतोय, रिपोर्ट माझ्या पद्धतीनं पाहिजे. आधी नाही-नाही म्हणाले, मग एक पोरगं महिनाभर आमच्या ऑफिसात बसवून करून दिला. शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं वेगळा रिपोर्ट मागितला, त्यालाही दिला. गिऱ्हाईक अडवून कोण ठेवतंय?

काटा_पावती

शिरोलीकर काकांनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलंय. महिनाभर बसवलेलं ते पोरगं म्हणजे मीच समजा, फक्त माझ्या वाट्याला साखर कारखाने होते.

मी प्रॉडक्ट कंपनी म्हणून लागलो. ऊस गाडीनं काट्यावर येतो तिथपासून शेतकऱ्याच्या पंधरवडा बिलापर्यंत सगळं आमचं सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक ११ कारखाने. मुलाखतीत सांगितलं, "एकच प्रॉडक्ट, ११ ठिकाणी चालतंय." पहिल्या दिवशी कोड उघडला तर ११ ब्रँच. प्रत्येक कारखान्याचा वेगळा कोड, चार-पाच वर्षांपूर्वी एकमेकांपासून फुटलेला.

याचा त्रास कसा होतो ते एका रुपयाच्या गोष्टीवरून सांगतो. एक शेतकरी शेतकी ऑफिसात भांडायला आला. त्याच्या तीन खेपा होत्या: १७.३४२, १६.८२७ आणि १८.४५७ टन. दर समजायला ३,२०० धरा. प्रत्येक पावतीची रक्कम काढून तिथल्या तिथे पूर्ण रुपयात आणली तर ५५,४९४ + ५३,८४६ + ५९,०६२ = १,६८,४०२. आधी वजनांची बेरीज केली, ५२.६२६ टन, तर १,६८,४०३.२०, म्हणजे १,६८,४०३. तो म्हणाला, माझा रुपया कुठाय? आणि तो बरोबर होता, कारण त्या कारखान्याचा नियम बेरजेनंतर पूर्णांक करण्याचा होता. आमचा कोड पावतीगणिक करत होता.

प्रॉडक्टमध्ये याची दुरुस्ती कशी व्हायला हवी? पूर्णांक कुठे करायचा याची एक सेटिंग असावी. कारखान्यानं आपली पद्धत निवडावी, कोड सगळ्यांचा एकच. आमच्याकडे मी दुरुस्ती केली आणि मग हे सुरू झालं:

```
git checkout karkhana_07
git cherry-pick 4f2a9c1
CONFLICT (content): Merge conflict in bill_calc.py
```

तीच दुरुस्ती दुसऱ्या ब्रँचवर न्यायची आणि कोड जुळला नाही की हातानं जुळवायचा. हेच एकामागून एक बाकीच्या १० ब्रँचवर. सातव्या कारखान्यात सोसायटी कपातीचा कोड कुणीतरी त्याच फंक्शनमध्ये कोंबला होता, तिथे मी कॉन्फ्लिक्ट चुकीचा सोडवला. पुढच्या पंधरवड्यात काही बिलांतून कपातच झाली नाही. गळीत हंगाम चालू, रात्री दोन वाजता मी त्या कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये, आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग. त्या रांगेचा आणि माझ्या बिलाचा काही संबंध नव्हता, पण मला तेव्हा ती सगळी रांग माझ्यामुळेच थांबलीय असं वाटत होतं.

सांगायचं एवढंच की पाटी प्रॉडक्टची होती, धंदा सर्विसचा. वर्षभराचं काम म्हणजे कारखाना मागेल तो रिपोर्ट देणं. तरी एक गोष्ट मोठी मिळाली. माझी चूक माझ्याकडेच परत आली, दोन आठवड्यांत. तांबडा_रस्साच्या बाबतीत ते कधी घडलंच नसणार.

तांबडा_रस्सा

नाही घडलं. पण रात्री दोनला ट्रॅक्टरच्या रांगेसमोर उभंही राहावं लागलं नाही.

पंचगंगा_घाट

माझा अनुभव जॉइनिंगचा, थोडक्यात. मुलाला मोठ्या सर्विस कंपनीची ऑफर शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला आली, आम्ही पेढे वाटले. बोलावलं ते पास झाल्यावर ११ महिन्यांनी. मधल्या काळात तो राजारामपुरीत एका छोट्या कंपनीत लागला, तिथे पीएफ सुरू झाला. बोलावणं आल्यावर नोटीस न देता चार दिवसांत सोडून गेला. पडताळणीत पीएफच्या नोंदीतून ती नोकरी दिसली, रिलीव्हिंग लेटर मागितलं, आणि जुने साहेब फोन उचलेनात. दीड महिना आमचं जेवण गोड लागलं नाही. वाट बघताना दुसरीकडे लागलात तर निघताना कागद घेऊनच निघा.

उद्यमनगर_टू_हिंजवडी

दोन्हीकडे मिळून १४ वर्षं काढली. काटा_पावतीनं जे लिहिलंय तेच मुलाखतीत कसं ओळखायचं ते सांगतो. "तुमचं प्रॉडक्ट आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. असं विचारा: "एका गिऱ्हाईकाकडे बग सापडला, तुम्ही दुरुस्त केला. ती दुरुस्ती बाकीच्या गिऱ्हाइकांपर्यंत कशी आणि किती दिवसांत पोचते?" कोड एकच असेल तर उत्तर एका वाक्यात येतं, पुढच्या रिलीजमध्ये सगळ्यांना जाते. ब्रँच वेगळ्या असतील तर समोरचा माणूस "ते गिऱ्हाइकावर अवलंबून आहे" म्हणत लांबण लावतो. दुसरं विचारा, गिऱ्हाइकाच्या मागणीला शेवटचं "नाही" कधी म्हणालात? कुणाला आठवत नसेल तर शिरोलीकर काका जिंकलेत.

पैशाचं गणितही वेगळं असतं. सर्विसमध्ये तुमच्या तासाचे पैसे येतात, म्हणून काम नसलं तर काही महिने बेंचवर पगार चालू राहतो. प्रॉडक्टमध्ये तुम्ही खर्चाच्या रकान्यात. मी पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये होतो. सोमवारी नवीन फीचर लाइव्ह केलं, गुरुवारी १२ जणांना घरी पाठवलं, त्यात मीही. काम वाईट नव्हतं, गुंतवणुकीचा पुढचा हप्ता आला नाही. ४० माणसांच्या कंपनीत पगार गिऱ्हाइकांच्या पैशातून होतो की गुंतवणूकदारांच्या, हे विचारायला लाजू नये.

आणि ३.६ विरुद्ध ४.२ लाखांवर फार खल करू नका. दोन्ही पत्रांत कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरली आहे का ते आधी बघा. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं राहिलात तरच हातात येते, पण पॅकेजमध्ये पहिल्या दिवसापासून मिरवते. एकाने धरली आणि दुसऱ्याने नाही, तर तुलनाच चुकते.

टेंबलाईवाडी

पटलं, पण एक राहतंय. ४० जणांच्या कंपनीत तुझा कोड तपासणारं कुणी आहे का? माझ्या मैत्रिणीला खरं प्रॉडक्ट मिळालं, एकच कोड, सगळं नीट. पण दीड वर्षातच तीच तिथली सर्वांत अनुभवी ठरली. तिच्या चुका तिला तीन वर्षं कळल्याच नाहीत.

उद्यमनगर_टू_हिंजवडी

हे मान्य. पण मग मोठ्या कंपनीत तरी चांगला तपासणारा मिळेल याची खात्री कुठे आहे? तुझं तू स्वतःच नशीब म्हणालीस.

टेंबलाईवाडी

म्हणाले खरी.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे आभार. बगचा तो प्रश्न भाचीनं काल विचारला. तिथले साहेब हसले म्हणे. म्हणाले, "पूर्वी नऊ व्हर्जन होती, आता तीन आहेत, तू आलीस की दोन करू." हे चांगलं की वाईट ते मला कळलं नाही, पण ती खूश होऊन आली. कोड कोण तपासतं हे विचारायचं राहिलं, ते सोमवारी विचारणार आहे. मधल्या मध्ये आज सकाळी मोठ्या कंपनीची ईमेल आली, जॉइनिंग पुढच्या महिन्यात, लोकेशन चेन्नई. ताई म्हणते स्थळं बघताना मोठं नाव बरं दिसतं. भाचीनं ताट बाजूला सारलं आणि उठून गेली.

शिरोलीकर

चेन्नईला पोरीच्या जेवणाचे हाल होतील. आमची जागा अजून रिकामी आहे.