मदत हवी आहे: -ता आणि -पणा यांची उत्पादकता मोजली, आकडे उलटे येताहेत

अडला_हरी:
मराठी बातम्यांच्या कॉर्पसवर -ता आणि -पणा यांची तुलना करतोय. सूत्र नेहमीचंच, बायेनचं: P = V1/N. V1 म्हणजे एकदाच आलेले शब्द, हॅपॅक्स, आणि N म्हणजे त्या प्रत्ययाची एकूण टोकन. -ता चा P आला 0.041, -पणा चा 0.013. म्हणजे -ता तिप्पट उत्पादक? बोलताना कुठल्याही विशेषणाला -पणा लागतो, -ता नाही. सूत्र दोनदा तपासलं, बरोबर आहे. चूक कुठे आहे ते सांगा, परवा मांडायचंय.

पाणिनीचा_शेजारी:
सूत्र कोणीही तपासेल. शब्द कसे गोळा केलेत ते लिहा. कोणता रेगेक्स? लेमा केले की नाही, म्हणजे एका शब्दाची सगळी रूपं एकत्र आणली का? दोघांचे N किती?

शब्दवेडा:
चूक काहीच नाही. हॅपॅक्स वगैरेच्या नादी लागू नका, सरळ टाइप मोजा. -ता चे वेगवेगळे शब्द जास्त निघतील. ज्याचे शब्द जास्त तो प्रत्यय जास्त उत्पादक.

पाणिनीचा_शेजारी:
शब्दवेडा, टाइप मोजून आजवर साठलेला माल कळतो. कारखाना आज चालू आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. मानवता, स्वतंत्रता, पवित्रता हे मराठीने घडवले नाहीत, संस्कृतातून तयार घेतले. ते टाइपांच्या संख्येत, म्हणजे V मध्ये मोजले जातात, पण वारंवार येणारे असल्याने हॅपॅक्समध्ये सहसा पडत नाहीत. हॅपॅक्स मोजायचे ते एवढ्यासाठीच.

अडला_हरी:
रेगेक्स साधा आहे. -ता साठी `ता$`, म्हणजे ता ने संपणारे शब्द. -पणा साठी शब्दात कुठेही `पणा`, आणि त्यापुढचं सगळं कापलं, म्हणजे वेडेपणाने, वेडेपणामुळे हे एकच. आता, होता, करता, रस्ता, नेता असले वारंवार येणारे हाताने काढले. N वेगळे आहेतच, भागाकार करतोय ना.

मांडवीकाठ:
मी कोंकणीत -पण मोजतोय, भुरगेपण वगैरे. कॉर्पस दोन लाख शब्दांचा आहे आणि निम्म्याहून जास्त शब्द हॅपॅक्सच येतात. मराठीतही असंच होतं का? लहान कॉर्पस चालतो का?

पाणिनीचा_शेजारी:
हरी, सगळा घोटाळा `ता$` मध्ये आहे आणि तो दोन्ही बाजूंनी P फुगवतो.

एक, हे नाम सामान्यरूपात -ते- होतं: कार्यक्षमतेने, पारदर्शकतेमुळे, सहिष्णुतेचा. तुमचा रेगेक्स यातलं काहीच पकडत नाही, म्हणून N खूप कमी भरतो. शिवाय सहिष्णुता एकदा आणि सहिष्णुतेचा, सहिष्णुतेला चाळीसदा आला असेल, तरी तुमच्या यादीत तो हॅपॅक्स ठरतो. -पणा ची मात्र सगळी रूपं तुम्ही धरलीत. तराजूच वाकडा आहे.

दोन, न चाचपडता, कुरवाळता कुरवाळता. ही धातूंची रूपं आहेत, भाववाचक नामं नाहीत. आता आणि होता काढल्याने N घटला, पण दुर्मिळ धातूंची अशी रूपं यादीत राहिली, आणि ती बहुतेक एकेकदाच येतात. तुमचे हॅपॅक्स डोळ्यांनी वाचा, अर्धे क्रियापदांचे निघाले तरी नवल नाही.

-पणा कडे उलटं झालंय. `पणा` मध्ये आपणास, आपणाला सापडतात, आणि प्रक्षेपणाचा, समर्पणाने, वृक्षारोपणाला हेसुद्धा. त्यांनी N वाढतो आणि P पडतो.

अडला_हरी:
मग `ते` पण घेऊ? त्यात करते, येते, होते सगळं येईल.

पाणिनीचा_शेजारी:
नुसतं ते घेऊ नका. ते + विभक्ती किंवा शब्दयोगी घ्या: तेने, तेला, तेचा-ची-चे-च्या, तेत, तेमुळे, तेसाठी, तेवर. करते ला हे लागत नाही. आणखी एक फायदा आहे. रस्ता, नेता, वक्ता ही पुल्लिंगी नामं त्या- घेतात: रस्त्याने, नेत्याला. ती आपोआप बाहेर राहतात. कविता, चिंता, सत्ता, माता मात्र -ते- नेच येतात, त्यांची यादी हाताने करा, ती छोटी आहे.

पण जो शब्द एकदाच, तोही प्रथमेत आला, त्याला सामान्यरूपाची कसोटी लावता येत नाही. म्हणून हॅपॅक्सची यादी सगळी, न वगळता, हाताने वाचायची. N साठी वारंवारतेने वरचे शंभर-दोनशे टाइप तपासले की बहुतेक टोकन त्यात येतात.

कोशाळू:
-पणा आणि -पण वेगळे मोजा. मोठेपण नपुंसकलिंगी, वेडेपणा पुल्लिंगी. दोन प्रत्यय आहेत.

पाणिनीचा_शेजारी:
तत्त्वतः मान्य, पण मोजणार कसे? मोठेपणाने हे कशाचं रूप, मोठेपण चं की मोठेपणा चं? विभक्ती लागली की दोन्हींचं पणा- च होतं. एकत्र मोजा आणि तसं लिहा. लहानपणी सारखं -पणी सुद्धा घ्या, ते `पणा` ला सापडत नाही.

कोशाळू:
मला पटलेलं नाही, पण असो. हॅपॅक्स वाचताना एन्कोडिंग बघा. तऱ्हेवाईकपणा मधला ऱ तीन प्रकारे टंकलेला असतो: एकसंध ऱ, र अधिक नुक्ता, किंवा र्‍ मध्ये ZWJ हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर सारखेच दिसतात, यंत्राला तीन शब्द, म्हणजे तीन खोटे हॅपॅक्स. युनिकोडच्या NFC या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही:

```python
import unicodedata
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
```

ZWJ आधीच सरसकट पुसलात तर तर्हेवाईक असा चौथाच शब्द तयार होईल, म्हणून क्रम हाच ठेवा. आणि एकच बातमी दोन ठिकाणी छापलेली असली तर खरा हॅपॅक्स दोनदा येऊन यादीतून पडतो. आधी दुहेरी मजकूर काढा.

शब्दवेडा:
एवढा खटाटोप करून शेवटी आकडा तोच येणार.

पाणिनीचा_शेजारी:
नाही येणार, आणि यादी साफ झाल्यावरही थेट भागाकार चालणार नाही. N वाढला की P पडतो, कारण नवे शब्द उत्तरोत्तर कमी भेटतात. समजा -पणा चे 5,000 टोकन, 150 हॅपॅक्स: P 0.03. -ता चे 40,000 टोकन, 400 हॅपॅक्स: P 0.01. तिप्पट फरक दिसतो. पण -ता चे फक्त 5,000 टोकन घेतले असते, तर कदाचित 140 हॅपॅक्स मिळाले असते, म्हणजे 0.028. फरक जवळजवळ गेला. म्हणून समान N वरच तुलना करायची, गाएता आणि रिक्का यांनी 2006 मध्ये इटालियन प्रत्ययांसाठी हेच मांडलं. R मध्ये यासाठी zipfR पॅकेज आहे, फाइलमध्ये एका ओळीत एक लेमा, जितक्यांदा आला तितक्या ओळी:

```r
library(zipfR)
ta <- vec2spc(readLines("ta.txt", encoding="UTF-8"))
vgc.interp(ta, 5000, m.max=1)
```

5000 च्या जागी तुमच्या -पणा चा N घाला. आलेल्या V1 ला त्याच N ने भागा. मांडवीकाठ, तुमचंही उत्तर यातच आहे: लहान कॉर्पसमधले हॅपॅक्स बहुतांशी नेहमीचेच शब्द असतात, योगायोगाने एकदा आलेले. दोन प्रत्यय समान N वर ताडून पाहता येतील, पण सुटा P मराठीच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

अडला_हरी:
हॅपॅक्स वाचले. क्रियापदं खरंच खूप होती, नजरेतून सुटली होती. आता अडलोय अकार्यक्षमता, असंवेदनशीलता यांवर. हे -ता चे हॅपॅक्स धरू?

कोशाळू:
धरा. आधी अकार्यक्षम, मग ता.

पाणिनीचा_शेजारी:
मी धरणार नाही. कार्यक्षमता तयार होती, नवं काम अ- ने केलं असंही म्हणता येतं. दोन्ही तऱ्हांनी मोजा आणि दोन्ही आकडे द्या. आणि -पणा ची खरी स्पर्धा बघायची असेल तर फक्त तत्सम विशेषणं घ्या, जिथे दोन्ही लागतात: क्रूरता–क्रूरपणा, उदारता–उदारपणा, चंचलता–चंचलपणा. वेडा, भोळा यांना -ता लागतच नाही, तिथे स्पर्धा कसली?

शब्दवेडा:
पण मग बोलीतला सगळा -पणा बाहेर गेला, आणि त्याची उत्पादकता तर तिथेच आहे!

कोशाळू:
या एका मुद्द्यावर शब्दवेडा बरोबर आहेत.