टॉवेल पिवळाच का हवा? घरात सतत चूक ठरणं आणि दारात उभी असलेली बायको

तिसरा_मजला
मुलगी अकरा महिन्यांची आहे. बायकोची रजा संपली तेव्हापासून सकाळचं माझ्याकडे आहे: आंघोळ, कपडे, नाचणीचं सत्त्व. मी काहीही करायला घेतलं की ती दारात उभी. "पाणी जास्त गरम आहे", "आधी डोकं नको, पाय", "गाठी ठेवल्यास", "तो टॉवेल नाही, पिवळा". मी लावलेली भांडी ती परत लावते. परवा मोजे घालताना हात थांबवून मी दाराकडे बघितलं, आता काय म्हणेल म्हणून. ती घरात नव्हतीच. ऑफिसात माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत आणि घरी मला टॉवेल निवडता येत नाही. चुकतंय कोण?

तिखटमीठ
चौदा माणसं सांभाळता ना? मग त्यातल्या एकानं रोज गाठी असलेला अहवाल दिला तर त्याला काय म्हणता?

सत्त्वात गाठी होतात कारण गरम पाण्यात पीठ टाकता. आधी गार पाण्यात कालवायचं, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, फोन बाजूला ठेवून. तिनं हे किती वेळा सांगितलं असेल? आमच्याकडे आठ वर्षं "डाळीला किती शिट्ट्या?" चालू आहे. एवढे मोठे पगार घेणाऱ्या माणसाला चार हा आकडा लक्षात राहत नाही म्हणे. राहतो हो. लक्षात ठेवलं तर रोज करावं लागेल ना! सरकारच्याच 2019 च्या पाहणीत घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला 299 मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष 97. ज्याची 97 मिनिटं, त्यानं 299 वालीचं ऐकावं.

निवृत्त_मास्तर
एका कानानं ऐका, दुसऱ्यानं सोडा. बेचाळीस वर्षं संसार याच बळावर झाला. पिवळा म्हणाली तर पिवळा घ्या, तुमचं काय जातं?

दारातली_मी
मी कुटुंब समुपदेशनाचं काम करते, पण इथे लिहितेय ती त्या दारात उभी राहिलेली बाई म्हणून. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. त्याच्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या नवऱ्यानं आंघोळ घालणं सोडून दिलं होतं आणि मी सगळ्यांना सांगायचे, "याला जमत नाही."

तिखटमीठताई, मिनिटांचा हिशोब बरोबर आहे. पण इथे तो माणूस करतोय, टाळत नाहीये. अंतर का पडतं ते बघा. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून नोकरदार आईला 26 आठवडे पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरी असेल तर बापाला 15 दिवस, आणि खासगीत कायद्यानं काहीच नाही. त्या सहा महिन्यांत आईसुद्धा चुकत असते. मीही साबण डोळ्यात घातलाय, लंगोट उलटा बांधलाय. पण ते बघायला दारात कुणी नव्हतं. बाप शिकायला येतो तेव्हा शेजारी सहा महिने सराव झालेली बाई उभी असते, आणि त्याच्या पहिल्या दिवसाची तुलना तिच्या एकशेऐंशीव्या दिवसाशी होते.

पुढचं चक्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. ओलं, निसटतं मूल हातात असताना मागून सूचना आली की हात अडखळतो. अडखळला की तिला वाटतं, बघ, धांदरट आहे, म्हणून ती आणखी जवळ येते. ओरडा नको म्हणून तो आधीच विचारू लागतो: "टॉवेल कुठला? मोजे कुठले?" इथे तुमचाही हात आहे बरं का. प्रत्येक प्रश्न विचारून तुम्हीच तिला मुकादम नेमताय. मग ती म्हणते, साधा टॉवेलसुद्धा याला विचारावा लागतो. तीही खोटं बोलत नसते.

अमेरिकेत अ‍ॅलन आणि हॉकिन्स यांनी 1999 मध्ये नोकरी करणाऱ्या सहाशेवर आयांचा अभ्यास छापला. त्यातल्या साधारण पाचातली एक अशी दारावर पहारा देणारी निघाली. आणि या बायका नवऱ्याबरोबर कामं वाटून घेणाऱ्या आयांपेक्षा आठवड्याला सुमारे पाच तास जास्त घरचं काम करत होत्या. म्हणजे पहाऱ्याचा भुर्दंड पहिला तिलाच पडतो.

ती का उभी राहते, हेही ऐका. एखाद्या मुंजीत पोरीच्या पायात दोन वेगळे मोजे दिसले तर कुणी बापाला विचारतं का? आत्या आईकडे बघते. तुमचा मोजा चुकला की बोलणी ती खाते.

अबोली
माझ्याकडे उलटं आहे. पहारा नवऱ्याचा. तेलाची बाटली कितीवर आली ते तो बघतो, गॅस सिलिंडर किती दिवस पुरला ते कॅलेंडरवर लिहितो. पोळी जाड झाली तर ताट सरकवतो, मुलांना म्हणतो "तुमच्या आईला अक्कल नाही". एका आठवड्यात भाजी कोरडी हवी, पुढच्या आठवड्यात तीच भाजी "घशाखाली उतरत नाही". मी पण त्याला प्रश्न विचारणं बंद करू का?

दारातली_मी
अबोलीताई, नाही. तुमचं प्रकरण वेगळं आहे. वरच्या घरात पिवळा टॉवेल कालही पिवळाच होता, उद्याही तोच असेल. नियम चिवट आहे, पण शिकता येतो. तुमच्याकडे नियमच रोज बदलतो, म्हणजे त्या परीक्षेत पास होण्याची सोयच नाही. त्यात मुलांसमोर अपमान आणि पैशावर नजर. भाजी सुधारून हे थांबणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर शिव्या, अपमान आणि पैशाची अडवणूकही येते, त्यामुळे "त्यानं हात तर उचलला नाही" म्हणून गप्प बसू नका. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. फोन सुरक्षित जागेवरून करा. माहेरच्या किंवा मैत्रिणींपैकी एकीला तरी आजच हे सगळं सांगून ठेवा.

तिसरा_मजला
माझ्याकडे असलं काही नाही. ती पैशाचं विचारत नाही, माझ्या मित्रांना नावं ठेवत नाही. फक्त मुलगी आणि स्वयंपाकघर. पण मग करू काय? "मला माझ्या पद्धतीनं करू दे" म्हटलं तर म्हणते, "कर ना, मी कुठे अडवलंय?" आणि परत दारात.

दारातली_मी
कारण "माझ्या पद्धतीनं" हे हवेतलं बोलणं झालं. एकच काम पूर्ण घ्या. आंघोळ घ्या. पूर्ण म्हणजे पाणी घालण्यापुरती नाही. साबण संपत आलाय हे तुम्हाला कळलं पाहिजे, टॉवेल वाळला का ते तुम्ही बघायचं, नखं कधी कापायची ते तुमच्या डोक्यात हवं. निम्मं काम तुमच्या हातात आणि निम्मं तिच्या डोक्यात असलं की ती दारात येणारच.

मग एका संध्याकाळी, मुलगी झोपल्यावर, बसून ठरवा की कुठल्या गोष्टींवर तडजोड नाही. आम्ही चार लिहिल्या होत्या. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघायचं; कोपराला गरम लागलं तर बाळाला नक्कीच जास्त आहे. पाण्याजवळ बाळाला एकटं सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तरी नाही, कारण वीतभरसुद्धा पाणी लागत नाही बुडायला. मान, काखा, जांघा कोरड्या करायच्या. आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, सत्त्वात मीठ-साखरही नाही. आधी पाय की डोकं, टॉवेल पिवळा की निळा, हे त्या यादीत बसत नाही. तिला यादीत काही वाढवायचं असेल तर तिनं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: हे नाही केलं तर बाळाला काय होईल? उत्तर असेल तर लिहा.

पहिले दोन आठवडे त्या वेळात तिनं घराबाहेर पडायचं. नुसतं शेजारच्या खोलीत जाऊन होत नाही, मी करून बघितलंय. कान दाराला असतात. मी दूध आणायला जायचे आणि पायऱ्यांवर बसून राहायचे. इजा होणार असेल तर तिनं जागच्या जागी बोलावं, बाकी रविवारी चहाला. आणि चूक झाली तर ती तुम्हीच निस्तरायची. जांघेत पुरळ आलं तर डॉक्टरकडे तुम्ही न्यायचं.

तिखटमीठ
म्हणजे परत बाईनंच बसून नियम लिहायचे, बाईनंच पायऱ्यांवर बसायचं, बाईनंच तोंड दाबायचं. साहेबांना शिकवण्यासाठी अख्खं घर प्रयोगशाळा! कोपर बुडवायचं त्याला स्वतःला शोधता आलं नसतं?

दारातली_मी
आलं असतं. यादी त्यानं लिहावी आणि तिनं तपासावी, हे मान्य. पायऱ्यांचं मात्र मी मागे घेणार नाही. तेवढा त्रास मला झाला, खरंय.

निवृत्त_मास्तर
आमच्या सूनबाई मुलाला असंच बोलतात. मी मध्ये पडू का?

तिखटमीठ
मास्तर, तुम्ही एका कानानं ऐका.

तिसरा_मजला
तीन आठवड्यांनी लिहितोय. यादी मी लिहिली, तिनं एक वाढवली: आंघोळीनंतर पंखा बंद. बाळाला काय होईल विचारल्यावर म्हणाली, "माहीत नाही, पण मला झोप येणार नाही." ठेवली.

पहिल्या दिवशी ती खाली गेली आणि सात मिनिटांत फोन: "झालं?" दुसऱ्या आठवड्यात नाही केला. मी निळा टॉवेल वापरायला लागलो आणि पाचव्या दिवशी मला कळलं की निळा पाणी टिपतच नाही, नुसतं पसरवतो. आता पिवळाच घेतो. तिला सांगितलेलं नाही. गाठींचं मात्र तिखटमीठताईंनी सांगितलेलं लागू पडलं, त्याबद्दल आभार.

भांडी ती अजून परत लावते. काल रात्री लावत होती तेव्हा मी विचारलं, यात काय होईल, तर म्हणाली, "काही नाही. माझी आई असंच लावायची." यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी ओटा पुसत राहिलो. तिनं ओटा परत पुसला नाही.

अबोली
बहिणीला सांगितलं. ती शनिवारी येतेय.