अनुभव धागा : पगारवाढ आणि पाळ्यांच्या वेळा, तुमच्या कारखान्यातला करार कसा झाला?

जुना फिटर (धागाकर्ता)

माझा पुतण्या चाकणजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. तेथे पाळ्यांच्या वेळा बदलण्याची सूचना फलकावर लागली असून वेतनकराराची बोलणीही त्याच वेळी सुरू आहेत. त्याचा फोन आला आणि भोसरीतल्या आमच्या करारातील एक हिशेब आठवला, तो लिहून ठेवावा असे वाटले. त्या वेळी मी युनियनच्या वाटाघाटी समितीत होतो.

आमच्या पाळ्या सकाळी ७ ते ३.३०, दुपारी ३.३० ते रात्री १२ आणि रात्री १२ ते सकाळी ७ अशा होत्या. प्रत्येक पाळीत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी असे. कामगारांना ६, २ आणि १० या वेळा हव्या होत्या, कारण दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री दीडच्या आत घरी पोहोचत नसे. व्यवस्थापनाने वेळा मान्य करण्याची तयारी दाखवली, पण अट अशी घातली की पहिल्या दोन पाळ्यांमध्ये कामाचा वेळ आठ तासांवरून साडेसातवर येत असल्याने ताशी १५ नगांऐवजी १६ नग द्यावेत, म्हणजे पाळीचे १२० नग कायम राहतील. ऐकायला ते रास्त वाटले आणि समितीतील निम्मे सदस्य सही करण्याच्या विचारात होते.

आमच्यातील मशीन शॉपच्या एका सहकाऱ्याने मात्र तिसरी पाळीही हिशेबात धरायला लावली. जुन्या वेळांनुसार तिन्ही पाळ्यांचे कामाचे तास ८, ८ आणि साडेसहा, म्हणजे एकूण साडेबावीस होत होते, आणि नव्या वेळांनुसार साडेसात गुणिले तीन केले तरी साडेबावीसच होत होते. कंपनीचा एक मिनिटही कमी होत नव्हता. उलट ताशी १६ नग मान्य केले असते, तर दिवसाचे सुमारे ३३७ नग ३६० वर गेले असते आणि त्या वाढीव उत्पादनाचा मोबदला करारात कोठेच नव्हता. पुढच्या बैठकीत आम्ही एवढीच बेरीज मांडली. नगांची अट मागे घेतली गेली आणि बोलणी पुन्हा पगाराच्या आकड्यावर आली.

ज्यांनी अशा बोलण्यांत भाग घेतला आहे किंवा त्यांचे परिणाम सोसले आहेत, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

टूलरूम_नाशिक

काका, आपला हिशेब तीन पाळ्यांच्या विभागापुरता बरोबर आहे. आमच्या टूलरूममध्ये आणि रंगकाम विभागात दोनच पाळ्या चालत. तेथे रोजचे १६ तास १५ वर येत होते, त्यामुळे व्यवस्थापनाची तक्रार खरी होती. आमच्या युनियनने सगळ्या कारखान्यासाठी एकच मागणी लावून धरली आणि शेवटी दोन पाळ्यांच्या विभागांना वाढीव नग स्वीकारावे लागले. बहुसंख्य कामगार मशीन शॉपचे असल्याने मतदानात आमचे कोणी ऐकले नाही. याचे वाईट आजही वाटते.

जुना फिटर

आपले म्हणणे मान्य आहे. आमच्याकडे दोन पाळ्यांचे विभाग जुन्याच वेळांवर ठेवले होते. परंतु कंपनीने त्यांच्यासाठी वेगळ्या बसगाड्या द्यायला नकार दिला, त्यामुळे त्या लोकांना सहाच्या बसने येऊन सातपर्यंत थांबावे लागे. त्या एका तासाचा प्रश्न माझ्या निवृत्तीपर्यंत सुटलेला नव्हता.

मनीषा क.

मी कामगार नाही, माझे पती आहेत. सहाची पाळी झाल्यापासून त्यांची बस पाच वाजता नाक्यावर येते, म्हणून मला चारला उठून डबा करावा लागतो. तरीही मी या बदलाच्या बाजूची आहे, कारण दुसऱ्या पाळीला ते आता साडेअकरापर्यंत घरी येतात आणि सकाळी मुलांना शाळेत सोडू शकतात. आमच्याकडे युनियनने मतदानापूर्वी घरच्यांना विचारले नव्हते, ते विचारायला हवे होते.

ऑपरेटर_९७

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. आमच्याकडे तीन वर्षांसाठी ९,००० रुपयांची वाढ ठरत आली आहे आणि शेजारच्या कंपनीतही ९,००० चाच करार झाला. तरी तिथली मुले म्हणतात की त्यांना जास्त मिळाले. हे कसे शक्य आहे?

संध्याकाळची_पाळी

दादा, तुमची वाढ कोणत्या वर्षी किती मिळणार, हे आधी विचारा. दरवर्षी ३,००० अशी समान विभागणी असेल, तर छत्तीस महिन्यांत हातात पडणारी एकूण वाढ २,१६,००० रुपये होते. शेजारी ६०-२०-२० टक्क्यांनी विभागणी झाली असेल, तर पहिल्या वर्षी ५,४००, दुसऱ्या वर्षी ७,२०० आणि तिसऱ्या वर्षी ९,००० प्रमाणे एकूण २,५९,२०० रुपये होतात. प्रवेशद्वारावरच्या सभेत आकडा एकच सांगितला जातो आणि फरक मात्र ४३,२०० रुपयांचा असतो. शिवाय ९,००० हे सीटीसीवर आहेत की एकूण पगारावर, हेही पाहा. सीटीसी असेल तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद त्यातूनच जाते.

ऑपरेटर_९७

सीटीसीवरच आहेत. विभागणीबद्दल प्रतिनिधी काहीच बोललेले नाहीत, उद्या विचारतो.

अंबडकर

पुतण्याला सांगा की घाबरण्याचे कारण नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार युनियनची संमती असल्याशिवाय पाळ्यांच्या वेळा बदलताच येत नाहीत.

माजी सरचिटणीस

अंबडकर साहेब, आपले म्हणणे अर्धेच बरोबर आहे. त्या कलमात संमती नव्हती, २१ दिवसांची पूर्वसूचना होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ही सूचना आहे. बदल थांबतो तो सूचनेमुळे नव्हे, तर त्या मुदतीत युनियनने कामगार आयुक्त कार्यालयात वाद नेला आणि समेटाची कार्यवाही सुरू झाली, तर. समेट चालू असताना त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याच्या दिशेने बदलता येत नाहीत. आम्ही एकदा २१ दिवस केवळ काळ्या फिती लावून काढले आणि बाविसाव्या दिवशी नव्या वेळांचा फलक लागला. त्यानंतर धावपळ करून काही उपयोग झाला नाही.

दुसरी गोष्ट अशी की करार कोठे झाला, यालाही फार महत्त्व आहे. जुन्या कायद्यात युनियन आणि कंपनी यांनी आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधील असे, तर समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार सगळ्या कामगारांना, पुढे भरती होणाऱ्यांनाही, लागू होई. आमच्याकडे दोन युनियन होत्या. पहिला करार आपसात झाला, तेव्हा दुसऱ्या युनियनचे सभासद वर्षभर जुन्या वेळांचा आग्रह धरून बसले होते.

स्मिता_वॉर्ड

मी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. आमची रात्रपाळी बारा तासांची असते आणि पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक शनिवारी संध्याकाळी हातात पडते. आम्ही युनियन केली तर आम्हालाही असा करार करता येईल का? धाग्याचा विषय कारखान्यांचा आहे हे लक्षात आहे, तरी विचारते.

माजी सरचिटणीस

ताई, रुग्णालयही उद्योगाच्या व्याख्येत येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल होता. नव्या संहितेत धर्मादाय संस्थांना वगळले आहे, त्यामुळे आपले रुग्णालय कोणत्या प्रकारात मोडते ते आधी तपासावे लागेल. सुरुवात पगारापासून न करता वेळापत्रक किती दिवस आधी मिळावे, या एकाच मागणीपासून करावी, असे माझे मत आहे. त्या मागणीला रुग्णालयाचा खर्च येत नाही, त्यामुळे नकाराचे कारण देणे त्यांना अवघड जाते.

लालबागचा

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या संपात डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे बहुसंख्य कामगार होते, पण मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली बोलणी करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. कामगार एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे, अशा स्थितीत मालकांना टेबलावर बसण्याची गरजच वाटली नाही. मागणीपत्र कितीही चांगले असले, तरी ते देणाऱ्याला मान्यता आहे का, हा प्रश्न आमच्या घरी अजूनही पहिला विचारला जातो.

निवृत्त_मनुष्यबळ

मी व्यवस्थापनाच्या बाजूने बसत असे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. एकूण वाढीच्या आकड्यापेक्षा मूळ वेतनात किती जाणार, यावर आम्ही अधिक ताणत असू. भविष्यनिर्वाह निधी, ओव्हरटाइम, रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी हे सगळे मूळ वेतन व महागाई भत्त्यावर चढत जाते. मूळ वेतनात १,००० रुपये वाढले, तर पंचवीस वर्षे सेवा झालेल्या कामगाराची ग्रॅच्युइटीच सुमारे १४,४०० रुपयांनी वाढते. यामुळे आम्ही वाढ शिक्षण भत्ता, धुलाई भत्ता अशा शीर्षकांखाली देऊ करत असू. युनियनमधील तरुण सभासदांना हातात येणारी रक्कम हवी असे आणि ज्येष्ठांना मूळ वेतन. त्या मतभेदाचा आम्ही उपयोग करून घेतला, हे मी लपवत नाही.

जुना फिटर

साहेब, आमच्या समितीतही नेमका हाच वाद झाला होता. शेवटी वाढीचा अर्धा भाग मूळ वेतनात घ्यायचे ठरले. त्यावर घरभाड्याचे हप्ते भरणारी मुले आमच्यावर बराच काळ नाराज होती आणि त्यांची अडचण खरी होती.

टूलरूम_नाशिक

नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलल्यामुळे भत्ते निम्म्याहून अधिक ठेवता येणार नाहीत, असे ऐकतो. मग ही ओढाताण संपेल का?

निवृत्त_मनुष्यबळ

भत्ते ठेवता येतील, परंतु निम्म्याच्या वर गेलेली रक्कम वेतनात धरून हिशेब करावा लागेल. ओढाताण संपेल असे मला वाटत नाही. एकूण वाढीचा आकडाच खाली आणण्याचा प्रयत्न होईल.

कंत्राटी_विकास

आपण सगळे कायम कामगारांबद्दल लिहीत आहात. आमच्या कारखान्यात करार झाला तेव्हा वेळा आमच्याही बदलल्या, पण वाढ मिळाली नाही, कारण आम्ही ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहोत. कंपनीची बस फक्त कायम कामगारांना आहे. सकाळी सहाला पोहोचण्यासाठी मला सहकाऱ्याबरोबर दुचाकीने पेट्रोल वाटून यावे लागते. युनियनच्या मागणीपत्रात आमचा उल्लेख असावा, असे मी प्रतिनिधींना सांगितले होते. आपण सभासद नाही, असे उत्तर मिळाले.

माजी सरचिटणीस

विकास, आपल्या ठेकेदाराकडे किती जण आहेत आणि परवाना कोणत्या कामासाठी आहे, ते येथे न लिहिता मला व्यक्तिगत निरोपात कळवा. पगाराचे मी आत्ताच काही सांगू शकत नाही, पण बसचा मुद्दा पुढच्या मागणीपत्रात घालता येण्यासारखा आहे. एका करारात आम्ही ‘पाळीवर हजर असलेल्या प्रत्येक व्यक्तीस’ असे शब्द लिहून घेतले होते आणि कंपनीने ते मान्य केले होते.

मनीषा क.

जुना फिटर काका, त्या शब्दांनी आपल्याकडच्या सातच्या पाळीवाल्यांनाही वेगळी बस मिळाली असती का?

जुना फिटर

मिळाली नसती, ताई. बस दिली जात होतीच, फक्त ती एक तास आधीची होती. बस पाळीच्या वेळेच्या किती मिनिटे आधी पोहोचेल, हे करारात लिहिलेले असते तरच आम्हाला आग्रह धरता आला असता. पुतण्याच्या मागणीपत्रात ते वाक्य घालायला आज सांगितले आहे.