मदत हवी आहे: ईसी५० ची खालची मर्यादा उणे येऊन राहिली, पेपरात काय लिहू?

पांढरकवड्याची_पोर:
रिव्ह्यूअरने विचारलंय, ईसी५० चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल कुठे आहे? काढला, तर हे आलं:

```
ED(m, 50, interval = "delta")
Estimate  Lower  Upper
0.46      -0.11  1.03
```

कॉन्सन्ट्रेशन उणे कसं असेल? शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. गाईड म्हणतात, खालची मर्यादा शून्य लिहून टाक. चालेल का?

आकडेमोड:
शून्य लिहू नको. कर्व्ह लॉगच्या पट्टीवर असतो आणि तू इंटरव्हल साध्या पट्टीवर काढलास, म्हणून दोन्हीकडे सारखाच ०.५७ सरकला. असं कर:

```
m <- drm(resp ~ conc, data = d, fct = LL2.4())
ED(m, 50, interval = "fls")
```

उणे येणारच नाही. झालं काम.

कपाशीवाला:
ताई, आम्ही बोंडअळीवर एलसी५० काढतो तेव्हा प्रोबिट वापरतो. दर डोसला तीस अळ्या, किती मेल्या ते मोजायचं. तुम्ही पण प्रोबिटच लावा, त्यात दोन्ही मर्यादा आपोआप येतात.

आकडेमोड:
भाऊ, तिथे अळी मेली की जगली एवढंच मोजतात. इथे आतड्याचं आकुंचन आहे, सलग आकडा. प्रोबिट इथे लागत नाही.

निवृत्त_मास्तर:
थांबा जरा. बेटा, आधी सांग: कोणता टिश्यू, किती जनावरं, सगळ्यात मोठं कॉन्सन्ट्रेशन किती, आणि वरचा प्लॅटो दिसला का? हे कळल्याशिवाय कोणताही इंटरव्हल देणं बरोबर नाही.

पांढरकवड्याची_पोर:
सर, बकरीचं इलियम, असिटिलकोलिन, टायरोड ३७ अंशांवर. पाच बकऱ्या, प्रत्येकीची एक पट्टी, सहा कॉन्सन्ट्रेशन. सगळे एकोणतीस बिंदू एकत्र टाकून एकच कर्व्ह बसवला. चार पट्ट्या १० मायक्रोमोलरपर्यंत नेल्या. पहिलीला ३ वर थांबावं लागलं, लाईट गेली आणि बाथ थंड झाला.

निवृत्त_मास्तर:
मग आधीच्या उत्तरातला लॉगचा भाग बरोबर आहे, पण अर्धाच. उणे आकडा जाईल, तरी इंटरव्हल खोटाच राहील. एकाच पट्टीचे सहा बिंदू सख्ख्या भावंडांसारखे असतात. ती पट्टी जोरकस असली की सहाही वर. तुझे नमुने पाच आहेत, एकोणतीस नाहीत. प्रत्येक पट्टीचा कर्व्ह वेगळा बसव, प्रत्येकीचा पीईसी५० घे आणि सरासरी व इंटरव्हल त्या पाच आकड्यांवरून काढ. आकडे इथे टाक.

पांढरकवड्याची_पोर:
६.१, ६.४, ६.६, ६.२, ६.७. पहिला आकडा लाईट गेली त्या पट्टीचा.

निवृत्त_मास्तर:
सरासरी ६.४०, एसडी ०.२५, एसईएम ०.११४. पाच नमुन्यांना टी २.७८, म्हणून दोन्हीकडे ०.३२. ते लॉगमधून परत आणलं की पेपरात असं लिही: «पीईसी५० ६.४० (९५ टक्के इंटरव्हल ६.०८ ते ६.७२, पाच बकऱ्या); ईसी५० ०.४० मायक्रोमोलर (०.१९ ते ०.८३).» ०.४० पासून खाली ०.२१ आणि वर ०.४३ आहे. हा असमानपणा बरोबर आहे. ±लावून तो झाकू नको. हिल स्लोप मोकळा सोडला की १ वर बांधला, तेही मेथड्समध्ये लिही.

आकडेमोड:
मान्य, एकोणतीस धरणं माझं चुकलं. पण पहिल्या पट्टीला प्लॅटोच नाही. तिच्या सगळ्यात मोठ्या आकुंचनाला १०० टक्के धर आणि बसव.

निवृत्त_मास्तर:
तसं केलं तर बघा काय होतं. तिचा ईसी५० ०.७९ आणि स्लोप १ धरला, तर ३ मायक्रोमोलरला ती खऱ्या कमालीच्या ७९ टक्क्यांवर पोचते. त्यालाच १०० म्हटलं की अर्धं येतं साडेएकोणचाळीस टक्क्यांवर, म्हणजे ०.५२ मायक्रोमोलरवर. औषध आहे त्यापेक्षा जोरकस दिसेल. आणि ०.७९ वर तरी किती भरवसा ठेवायचा? वरचा प्लॅटो त्या कर्व्हने अंदाजानेच ताणलाय. मी ती पट्टी वगळीन. बाथ थंड झाला हे कारण निकाल पाहण्याआधीचं आहे.

आकडेमोड:
वगळली तर चारच उरतात, इंटरव्हल वाढेल. आणि रिव्ह्यूअर विचारील, हीच काऊन वगळली?

पांढरकवड्याची_पोर:
चार पट्ट्यांवर काढलं: ०.३३ (०.१५ ते ०.७५). सर, दोन्ही आकडे द्यायचे, की बुधवारच्या बाजारात कसायाकडून आतडं आणून पहिली पट्टी पुन्हा करू? तेवढ्यात शनिवार येतो.

निवृत्त_मास्तर:
आतडं आण. येताना टायरोडमध्ये बर्फावर ठेव. तोवर संपादकांना आठ दिवस मागून बघ.

आकडेमोड:
मी तरी दोन्ही आकडे दिले असते.

कपाशीवाला:
लाईटसाठी इन्व्हर्टर नाही का कॉलेजात? आमच्या केंद्रात सोलरवर चालते बाथ.