मदत हवी आहे: तेल काढताना अमोनिया सुटला, डिटेक्टर गप्प राहिला. आमच्या मशीनरूममध्ये काय चुकतंय?

बेदाणा_स्टोअर_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगाव भागात आमचं बेदाणा आणि हळदीचं कोल्ड स्टोरेज आहे. वडिलांनी उभं केलं, दोन वर्षांपासून मी बघतोय. शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे मशीनरूमचं जे काही कळतं ते ऑपरेटरकडून. त्याला सगळे मामा म्हणतात, आमच्याकडं वीस वर्षं आहे.

गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचला मामा एकटाच लो प्रेशर ड्रमच्या, म्हणजे गार द्रव अमोनिया साठतो त्या टाकीच्या, तळातून कॉम्प्रेसरमधून येऊन साचलेलं तेल काढत होता. खाली कापलेला कॅन, व्हॉल्व किंचित उघडा. तेल अगदी थेंब थेंब येत होतं म्हणून त्यानं आणखी दोन आटे उघडला. क्षणभर काहीच नाही. मग एकदम फस्स करून पांढरा धूर. मामा पळाला. बाहेर जाऊन ओला टॉवेल तोंडाला बांधून परत आत गेला आणि व्हॉल्व बंद केला. मी पोचलो तेव्हा गुडघ्याएवढा धूर दारातून बाहेर येत होता. मामाचे डोळे दिवसभर लाल होते, बाकी देवाची कृपा.

माझे प्रश्न असे. १) भिंतीवर डिटेक्टर आहे, तो वाजलाच नाही. का? २) एक्झॉस्ट फॅन आहे पण बटण आतल्या पॅनलवर, लावायला कोण जाणार? ३) हे परत होऊ नये म्हणून आधी काय करू? रूम साधारण १० बाय ८ मीटर, उंची साडेचार. डिटेक्टर आढ्याखाली, दाराच्या वरच्या बाजूला.

कृष्णाकाठ

भाऊ, अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर जातो. त्यामुळे डिटेक्टर वर आहे ते बरोबरच आहे, फॅनही वरच पाहिजे. सेन्सर खराब झाला असेल, बदलून टाका. आणि पुढच्या वेळी गाडी धुवायचा पाइप लावून गळतीवर पाण्याचा मारा करा. पाणी अमोनियाला ओढून घेतं, दोन मिनिटांत विषय संपतो.

द्राक्षबाग_सावळज

मी शेतकरी आहे. माझे बेदाण्याचे ४०० बॉक्स अशाच एका स्टोअरला आहेत. तिथंही मागं वास सुटला होता म्हणे. माल काळा पडला तर भरपाई कोण देणार? विमा स्टोअरवाल्याचा की आपला? कुणीच नीट सांगत नाही.

मिरजेचा_फ्रिजवाला

३१ वर्षं अमोनिया प्लँटवर काढली, आता निवृत्त. कृष्णाकाठचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं अंगाशी येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

मोकळा, कोमट अमोनिया हलका, खरं आहे. पण मामाच्या व्हॉल्वमधून गॅस नाही, द्रव आला. तो उणे ३३ अंशाला उकळतो. बाहेर पडताच आजूबाजूची हवा गोठवतो, हवेतलं बाष्प धरतो आणि त्याचं जड धुकं होतं. तेच तुम्ही गुडघ्याएवढं पाहिलं. ते ऊब लागल्यावर वर जातं, तोवर जमिनीवरून सरपटतं. त्यामुळे आढ्याखालच्या सेन्सरकडं ते उशिरा पोचणारच. शिवाय तुमचा सेन्सर दाराच्या डोक्यावर आहे. दार उघडं असलं की तिथं बाहेरची ताजी हवा फिरते. मी सेन्सर ड्रम आणि कॉम्प्रेसरच्या वरच्या बाजूला, फॅनकडं हवा जाते त्या वाटेवर लावतो, आणि दुसरा तेल काढायच्या जागेजवळ, खाली. एकानं भागत नाही.

पाण्याचं असं आहे. धुक्यावर बारीक फवारा मारला तर गॅस विरघळतो, अग्निशमनवाले तेच करतात. पण जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाण्याची धार मारली तर पाण्याच्या उबेनं तो आणखी जोरात उकळतो. पाच मिनिटांचा धूर अर्ध्या मिनिटात अंगावर येतो. आणि ते पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतील.

आता मामाची गोष्ट. तेल अमोनियात विरघळत नाही, शिवाय द्रव अमोनियापेक्षा जड, म्हणून ड्रमच्या तळाला बसतं. उणे पाच अंशाला ते काकवीसारखं होतं. थेंब थेंब येतं म्हणून आपण व्हॉल्व उघडत जातो, गोळा सुटतो आणि मागून ३५ पीएसआय दाबाचा द्रव सुटतो. तोपर्यंत व्हॉल्व इतका उघडलेला असतो की पटकन बंद करता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर दोनदा झालंय. मामाचा दोष नाही, त्याला थेट ड्रममधून काढायला लावणारा दोषी.

बेदाणा_स्टोअर_तासगाव

काका, म्हणजे मग कसं काढायचं? आमच्याकडं पहिल्यापासून असंच काढतात.

मिरजेचा_फ्रिजवाला

ऑइल पॉट बसवा. ड्रमखाली एक छोटं भांडं, वरून ड्रममधली नळी, माथ्यावरून गॅस कॉम्प्रेसरच्या सक्शनला परत नेणारा व्हेंट, वर प्रेशर गेज, तळाला तेलाची वाट.

ड्रमकडचा व्हॉल्व आणि व्हेंट उघडून ठेवा, तेल सावकाश उतरतं. मग ड्रमकडचा व्हॉल्व बंद, व्हेंट उघडाच. पॉटच्या अंगावरचं बर्फ विरघळेपर्यंत थांबा, दोन-तीन तासही लागतात. मग व्हेंट बंद करून दहा मिनिटं नुसतं गेजकडं बघा. काटा वर चढायला लागला म्हणजे आत अजून द्रव अमोनिया आहे, व्हेंट परत उघडा. काटा जागेवर राहिला तरच तेल काढा. तोवर तेल कोमट झालेलं असतं, सुरळीत येतं. घाई करणारा माणूस इथंच चुकतो, बर्फ विरघळायच्या आधीच कॅन लावतो.

तेलाच्या वाटेवर दोन व्हॉल्व एकामागोमाग. पहिला नेहमीचा, आट्यांचा. शेवटचा स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप बंद होणारा. स्प्रिंगवाला हातानं दाबून धरायचा, आट्याचा थोडा थोडा उघडायचा. त्या दांडीला तार बांधून ठेवायची नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मी बांधलेली पाहिली आहे.

आणि दोन माणसं. एक काढणारा, दुसरा दाराजवळ. फॅन आधीच चालू.

बेदाणा_स्टोअर_तासगाव

मामा म्हणतो मला वासाची सवय आहे, मला काही होत नाही.

मिरजेचा_फ्रिजवाला

सवय नाकाला होते, फुप्फुसाला नाही. ५ पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५ भाग अमोनिया असला की, साधारण माणसाला वास कळतो. ८ तास रोज काम करायचं तर मर्यादा २५ आणि जिथून लगेच बाहेर पडलंच पाहिजे ती पातळी ३००. आता तुमच्या रूमचा हिशेब करू. १० बाय ८ बाय साडेचार म्हणजे ३६० घनमीटर. त्यात ३०० पीपीएम व्हायला फक्त ०.१ घनमीटरच्या आसपास गॅस लागतो. वजनात ७५ ग्रॅम, द्रवात मोजलं तर कटिंग चहाचा एक ग्लास. मामाच्या कॅनमध्ये किती गेला असेल ते तुम्हीच बघा. ओल्या टॉवेलनं बाहेर पळता येतं, आत जाता येत नाही. तो परत आत गेला ते धाडस नव्हे, नशीब होतं. साधा कॅनिस्टर मास्कही मोठ्या गळतीत चालत नाही. आत जायचं असेल तर पाठीवरच्या सिलेंडरचा श्वसनसंच, तो वापरायला शिकलेली दोन माणसं आणि बाहेर तिसरा.

कृष्णाकाठ

काका, पाण्याचं मला माहीत नव्हतं, आमच्या दूध चिलिंगला सगळे पाइपच घेऊन धावतात. पण फॅनचं सांगा, एक १८ इंची फॅन पुरे ना?

मिरजेचा_फ्रिजवाला

आणीबाणीत रूमची हवा तासाला ३० वेळा बदलावी असा अंदाज धरतात. ३६० गुणिले ३०, म्हणजे तासाला जवळपास ११ हजार घनमीटर. १८ इंचीचा एक फॅन, पाती स्वच्छ असतील तरी, याच्या निम्म्याच्या आसपास देईल. दोन-तीन लागतील. फॅन वर, आणि समोरच्या भिंतीत खाली ताज्या हवेची जाळी. जाळी नसेल तर फॅन नुसता घरघरतो. मोटर ठिणगी न पडणारी घ्या, कारण १५ टक्क्यांच्या पुढं अमोनिया पेटतो. तुमच्या रूममध्ये त्यासाठी ३७ किलोच्या आसपास अमोनिया लागेल, रोजची गोष्ट नाही. पण ड्रमच फुटला तर?

बटण बाहेर, दाराच्या बाजूला. त्याच्याशेजारी सगळा प्लँट बंद करणारं लाल बटण. डिटेक्टर २५ ला वाजावा आणि १५० ला फॅन आपोआप चालू व्हावा. बाहेर गच्चीवर वाऱ्याची पिशवी लावा. पळताना वाऱ्याच्या आडव्या दिशेनं, मग वारा येतो त्या बाजूला. शेजारी ऊसतोडीची पालं असतात ना? त्यांना कोण सांगणार, ते आजच ठरवा. फोन ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८.

डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा, पापण्या हातानं उघडून. कपडा अंगाला गोठून चिकटला असेल तर ओढायचा नाही, पाणी घालून सुटू द्यायचा. मलम-बिलम काही नाही.

द्राक्षबाग_सावळज

माझ्या प्रश्नाचं कुणी उत्तर देईल का?

मिरजेचा_फ्रिजवाला

दादा, विम्याचं मला कळत नाही, पावतीवर काय लिहिलंय ते वाचा. मालाचं सांगतो. अमोनियानं बदाम-अक्रोडाची साल काळी पडते. बेदाण्यावर किती फरक पडतो हे तो किती वेळ आणि किती जोराचा लागला यावर असावं. दोन-चार बॉक्स उघडून वरचा आणि मधला थर शेजारी ठेवून बघा. वरचाच गडद असेल तर फोटो काढून स्टोअरवाल्याला त्याच दिवशी लेखी द्या.

बेदाणा_स्टोअर_तासगाव

अपडेट. काकांनी फोनवर सांगितलं तसं, दुकानातून अमोनियाच्या पाण्याची बाटली आणली, डिटेक्टरजवळ उघडली. आकडा आठवर जाऊन थांबला. पुरवठादाराच्या हातातल्या मीटरवर त्याच जागी ४० दिसत होते. सेन्सर चार वर्षांचा आहे. पुरवठादार म्हणतो वायरिंगमध्ये दोष आहे, काका म्हणतात सेन्सर संपलाय. गुरुवारी खरा गॅस लावून कॅलिब्रेट करणार, तेव्हा कळेल.

अजून एक, त्याच रात्री ड्रमच्या फ्लँजवर फिकट वास येत होता. सल्फरची काडी फिरवली तर तिसऱ्या बोल्टपाशी पांढरा धूर दिसला. गंधक आपल्याकडं भुरीच्या फवारणीमुळं घरोघरी, पण काडी मला मिरजेतून आणावी लागली.

मिरजेचा_फ्रिजवाला

वास दाट असेल तेव्हा काडी पेटवू नका. ओला लाल लिटमस कागद वापरा, निळा झाला की सापडलं. आणि तो बोल्ट आवळायच्या आधी ड्रमचा दाब उतरवा.

बेदाणा_स्टोअर_तासगाव

ऑइल पॉटचा कोटेशन मागवलाय. तोवर तेल काढणं बंद ठेवायचं का, हा प्रश्न उरलाय. मामा म्हणतो महिनाभर काढलं नाही तर कूलिंग बसेल.

मिरजेचा_फ्रिजवाला

बसेल थोडं. आठ-दहा दिवस थांबा, चेंबरच्या तापमानाची रोज नोंद ठेवा. दोन अंशांनी वाढलं तर मला कळवा, मी येतो. पण मामाला एकट्याला हात लावू देऊ नका.